विडीने पोट साफ होतं, कफ सुटतो, थंडीत गरमी येते: तिन्ही गोष्टी एकेक करून बघू

प्रश्न: वडील ५७ वर्षांचे, निफाडकडे शेती. रोज एक बंडल विडी. सकाळी विडीशिवाय पोट साफ होत नाही, जेवणावर ओढली की पचतं, कफ मोकळा होतो आणि हिवाळ्यात रात्री पाणी भरायला जाताना अंगात गरमी राहते असं त्यांचं म्हणणं. मी बंद करा म्हटलं की भांडण होतं. यात काही खरं आहे का? त्यांना काय सांगू?

उत्तर:

पहिलं म्हणजे तुमचे वडील खोटं बोलत नाहीयेत. त्यांना जे जाणवतं ते खरंच जाणवतं, आणि तुम्ही "हे सगळं थोतांड आहे" म्हणालात की ते स्वतःच्या शरीरावर विश्वास ठेवतात, तुमच्यावर नाही. भांडण तिथेच होतं. मी नाशिक जिल्ह्यात छातीच्या आजारांची ओपीडी बघतो, आणि डिसेंबर-जानेवारीत हेच तीन मुद्दे जवळजवळ रोज कोणी ना कोणी सांगतं. माझा अनुभव असा की जाणवतं काय आणि आत घडतं काय हे दोन वेगळं करून सांगितलं तर माणूस ऐकतो. त्यांना न तपासता मी हे सांगू शकत नाही की फुफ्फुस किती खराब झालंय किंवा पायाला रक्त नीट जातंय का, ते शुगर, बीपी, किती वर्षं ओढतात यावर अवलंबून आहे. पण शरीरात काय चालतं ते सगळ्यांचं सारखंच, म्हणून ते सांगतो.

पोटापासून सुरू करतो, कारण यात थोडं खरं आहे. निकोटिन आतड्याच्या भिंतीतल्या नसांवर काम करतं आणि मोठं आतडं हलायला लागतं, काही लोकांना त्यामुळे कळ येते. घरातल्या बायका सकाळी मशेरी लावतात आणि "त्याशिवाय होत नाही" म्हणतात ते पण याच निकोटिनमुळे. पण सकाळी उठल्यावर आतडं तसंही जागं होतं, आणि त्यात गरम चहा पोटात गेला की आणखी हलतं, हे विडी न ओढणाऱ्यांचं पण होतं. तुमच्या वडिलांचं उठणं, चहा आणि विडी हे तिन्ही पंधरा-वीस मिनिटांत होतं आणि श्रेय सगळं विडीला जातं. वर्षानुवर्षं असं चाललं की आतड्यालाही त्या धक्क्याची सवय लागते.

म्हणूनच विडी सोडल्यावर पहिले काही आठवडे बऱ्याच जणांना खरंच बद्धकोष्ठता होते, आणि मग "बघा, मी म्हणत होतो ना" म्हणून विडी परत सुरू होते. हे आधीच सांगून ठेवा. ही निकोटिन सुटल्याची तात्पुरती अवस्था आहे, पोट बिघडल्याची नाही. मी पेशंटला सांगतो की चहा घेतल्यावर रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं जाऊन बसायचं, कळ येवो न येवो, आणि रात्री झोपताना एक-दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्याबरोबर. पाणी कमी पडलं तर इसबगोलानेच उलट घट्ट होतं, तेवढं लक्षात ठेवा. साधारण महिन्याभरात आतडं आपल्या आपण चालायला लागतं. महिना उलटूनही नाही झालं, किंवा शौचात रक्त दिसलं, तर मात्र विडीला दोष देत बसू नका, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.

आता "जेवणावर ओढली की पचतं" हे. इथे खरं काही नाही, उलटं आहे. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे एक झडप असते, निकोटिनने ती सैल पडते आणि आम्ल वर येतं. हे आम्ल थोपवायला लाळ लागते, ती कमी होते. स्वादुपिंडातून आम्ल मारणारा जो क्षार लहान आतड्यात येतो तोही कमी होतो. त्यामुळे विडी ओढणाऱ्यांत जळजळ, आंबट ढेकर, अल्सर जास्त, आणि झालेला अल्सर भरायला पण वेळ लागतो. वडिलांना विचारा, आठवड्यात किती वेळा पित्ताची गोळी घेतात. माझ्याकडे तर "विडीने पचतं" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या खिशात गोळीची पट्टी असते.

मग जेवणानंतर बरं का वाटतं? रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. शेवटची विडी शेतात ओढली, मग घरी येऊन हातपाय धुऊन जेवण, तोवर तल्लफ वाढलेली असते, थोडी बेचैनी, पोटात जड जड. झुरका घेतला की पंधरा-वीस सेकंदात निकोटिन मेंदूत पोचतं आणि ती बेचैनी जाते. अन्न जिथे होतं तिथेच असतं. आणि कोणी म्हणालं की आयुर्वेदात धूम्रपान सांगितलंय, तर त्यात औषधी वनस्पतींच्या वातीचा धूर आहे, तो पण ठरावीक वेळी आणि ठरावीक माणसालाच. तंबाखू मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली, ती जुन्या ग्रंथांत असायचं कारणच नाही.

कफाचं जरा नीट समजून घ्या, कारण इथे माणूस सगळ्यात जास्त फसतो, कफ डोळ्यांना दिसतो ना. श्वासनळ्यांना आतून अगदी बारीक केस असतात, ते सतत हलत राहून धूळ आणि चिकट पाणी घशाकडे वर ढकलतात, आपल्याला कळतही नाही. धुराने हे केस मंदावतात, कालांतराने झडतात. आणि त्याच धुराने कफ बनवणाऱ्या ग्रंथी मोठ्या होतात, म्हणजे माल जास्त बनतो आणि बाहेर काढणारं कोणी नाही. रात्री सहा-सात तास विडी बंद असते तेव्हा हे केस थोडे सावरतात आणि कफ वर यायला लागतो. सकाळची पहिली विडी ओढली की गरम धुराने श्वासनळी चिडते, जोरात खोकल्याची उबळ येते आणि रात्रभर साचलेलं बाहेर पडतं. छाती खरंच मोकळी वाटते. पण जो कफ सुटला तो विडीनेच बनवलेला होता. याचा सोपा पुरावा घरातच मिळेल, वडिलांच्या वयाचा विडी न ओढणारा काका-मामा असेल तर त्याला सकाळी कफ काढावा लागतो का ते बघा.

सलग दोन वर्षं, वर्षातले किमान तीन महिने खोकला आणि कफ असेल तर आम्ही त्याला क्रॉनिक ब्राँकायटिस म्हणतो. "मला तर सवयच आहे" असं म्हणणाऱ्या कितीतरी लोकांना तो आधीच झालेला असतो.

धुराने छाती मोकळी होते या समजुतीला एक जुना धागा पण आहे. पूर्वी दम्यावर धोतऱ्याच्या पानांचा धूर घ्यायचे, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा उपाय मद्रासहून ब्रिटनमध्येही गेला आणि पुढे दम्यासाठी म्हणून धोतऱ्याच्या सिगरेटी दुकानात विकल्या जायच्या. धोतऱ्यात श्वासनळी सैल करणारा घटक खरंच आहे, आज त्याच जातीची सुधारलेली औषधं आम्ही इन्हेलरमधून देतो. पण त्या धुरातला उपयोगी भाग धोतऱ्याचा होता, तंबाखूत तो नाही. आणि हे वाचून कोणी धोतरा ओढू नका, त्याचा डोस हुकला तर भ्रम होतो आणि जीवही जातो.

विडीबद्दल अजून एक, "पानाची आहे, सिगरेटपेक्षा बरी" हे पण ऐकतो. विडीत तंबाखू सिगरेटपेक्षा कमी असते हे बरोबर, पण तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, विडी सारखी विझते, म्हणून माणूस लवकर लवकर आणि खोल झुरके घेतो. निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड त्यामुळे कमी जात नाही.

विडी सोडल्यावर पहिले काही आठवडे कफ वाढल्यासारखा वाटू शकतो, कारण केस परत हलायला लागतात आणि तळाचा माल वर येतो. याला घाबरून परत सुरू करणारे खूप. त्या काळात खोकून खोकून दमण्यापेक्षा अशी पद्धत शिकवा: ताठ बसायचं, दोन-तीन शांत खोल श्वास, मग मध्यम श्वास घेऊन तोंड उघडं ठेवून जोरात "हाः" करून हवा सोडायची, आरशावर वाफ धरतो तसं पण जोर लावून. दोन वेळा हे, मग परत शांत श्वास, आणि कफ घशाशी आला की एकदाच खोकायचं. सकाळी दहा मिनिटं पुरतात. विडी जे काम करते असं वाटतं ते यानेच होतं.

सोबत दोन तपासण्या सांगतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी, सरकारी दवाखान्यात फुकट होते, कारण धूम्रपान करणाऱ्यांना टीबी व्हायची शक्यता जास्त असते आणि "विडीचाच खोकला" म्हणून तो महिनोन्महिने लपून राहतो. दुसरी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायची तपासणी. औषध देऊन फुंकल्यावरही पहिल्या सेकंदात एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी बाहेर आली तर नळ्या अरुंद झाल्यात, बहुतेक वेळा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. गेलेली ताकद परत येत नाही हे मी पेशंटला स्पष्ट सांगतो, पण सोडलं की पुढची घसरण जवळजवळ न ओढणाऱ्या माणसाइतकी हळू होते, आणि ५७ व्या वर्षी हा फरक फार मोठा आहे. थुंकीत रक्त, कारण नसताना वजन घटणं, आवाज बसून तीन आठवडे तसाच राहणं, यातलं काही असेल तर छातीचा एक्सरे आधी, बाकी चर्चा नंतर. आणि घरातल्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका, विडीतल्या कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेलं रक्त त्या मशीनला ऑक्सिजनचंच वाटतं.

आता थंडीचं. तिन्हीत मला ही समजूत सगळ्यात धोक्याची वाटते, कारण पोटाचं आणि कफाचं किमान अर्धं तरी खरं आहे, इथे जे जाणवतं त्याच्या बरोब्बर उलटं घडत असतं.

तुमच्या भागात थंडी काय असते ते मला माहितीये, निफाडला पारा चार-पाच अंशांवर येतो, आणि थ्री फेज लाईट रात्रीची असली की गव्हाला पाणी द्यायला त्याच वेळी जावं लागतं. पाय चिखलात, वारा सुटलेला, अशा वेळी विडी पेटवली की तोंडात गरम धूर, हातात निखारा, आणि निकोटिनने अ‍ॅड्रिनलिन सुटतं म्हणून ठोके वाढतात, बीपी वाढतं, तरतरी येते. ही तरतरी माणसाला गरमी वाटते. पण तेच निकोटिन कातडीतल्या आणि बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. म्हणजे मोटार जोरात चालू आहे पण शेवटच्या सरीचा व्हॉल्व्ह बंद केलाय, आणि पायाची बोटं ही ती शेवटची सरी. बोटांचं तापमान एका विडीने काही अंशांनी उतरू शकतं आणि ते पूर्ववत यायला अर्धा तास किंवा जास्तही लागतो. रात्रभर अर्ध्या-अर्ध्या तासाला विडी असेल तर वाहिन्या नीट उघडतच नाहीत. त्यात कार्बन मोनॉक्साइडमुळे जे थोडं रक्त पोचतं त्यातही ऑक्सिजन कमी.

कोणी म्हणेल की कातडीचं रक्त आत वळलं तर आतली उष्णता टिकते ना. बरोबर, थंडीत शरीर स्वतःहून तेच करतं आणि तेवढं पुरेसं असतं, वर निकोटिनने आणखी आवळलं तर आतल्याला फार फायदा नाही आणि बोटांचा बळी जातो. धूम्रपान करणाऱ्यांना हिमदंशाचा धोका जास्त असतो तो यामुळेच.

वडिलांना हे पटवायचं असेल तर वाद न घालता एक करून बघा. त्यांना नवीन विडी ओढायला सांगू नका, जी ते ओढणारच आहेत तीच धरा. घरात शेकोटी नाही, चहा नाही, वीस मिनिटं शांत बसू द्या. मग तुम्ही त्यांच्या हाताची आणि पायाची बोटं आपल्या हातात धरून बघा किती गार आहेत. विडी झाल्यावर दहा मिनिटांनी परत धरा. स्वतःच्या हाताने स्वतःचं कळत नाही, दुसऱ्याने धरायला हवं. सगळ्यांत सारखा फरक दिसतो असं नाही, आधीच बोटं बर्फ झाली असतील तर काही कळणार नाही, पण बऱ्याच जणांत कळतो.

का एवढं लावून धरतोय ते एका पेशंटवरून सांगतो. पस्तिशीतला शेतकरी, शुगर नाही, बीपी नाही, रात्रीचं पाणी भरायचा. माझ्याकडे खोकल्यासाठी आला होता आणि चालताना लंगडत होता. विचारलं तर म्हणे गेल्या हिवाळ्यापासून बांधावरून थोडं चाललं की तळपायाच्या कमानीत गोळा येतो, दोन मिनिटं उभं राहिलं की जातो, बूट बदलले तरी तेच. अंगठ्याजवळच्या बोटाला जखम होती, "थंडीने फुटलंय" म्हणून तेल लावत होता, दीड महिना भरत नव्हती, बोट निळसर. रात्री दुखायचं म्हणून खाटेवरून पाय खाली लोंबकळत ठेवून झोपायचा, आणि पाय गार पडतो म्हणून उठून विडी ओढायचा. पायाच्या वरच्या बाजूला नाडी लागत नव्हती. डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, केली तर गुडघ्याखालच्या बारीक रक्तवाहिन्या जागोजागी बंद. हा बर्गर्स डिसीज, १९०८ साली ज्या डॉक्टरांनी नीट वर्णन केलं त्यांच्या नावाचा, साधारण तरुण पुरुषांत आणि तंबाखू घेणाऱ्यांतच दिसतो, आपल्याकडे विडीवाल्यांत खूप. यात औषधं आहेत पण खरा उपचार एकच, तंबाखू पूर्ण शून्य. दिवसाला दोन विड्यांनी पण आजार चालू राहतो, आणि या एका आजारात मी निकोटिनचं च्युइंगमसुद्धा टाळतो. त्याने सोडली, रक्तवाहिन्यांच्या सर्जनने त्या बोटाचा शेंडा काढला, पाय वाचला.

तुमच्या वडिलांच्या वयात बर्गर्स नव्याने सुरू व्हायची शक्यता कमी, पण त्या वयात रक्तवाहिन्यांत चरबी साचून तेच होतं, शुगर असेल तर लवकर. म्हणून या आठवड्यात त्यांचे पाय बघाच. चालल्यावर पोटरी दुखून थांबावं लागतं का, एक पाय दुसऱ्यापेक्षा गार आहे का, बोटांवरचे केस गेलेत का, दोन आठवड्यांपेक्षा जुनी जखम आहे का. पावलाच्या वर, अंगठा आणि दुसरं बोट यांच्या रेषेत मधोमध दोन बोटं हलकी ठेवली की नाडी लागते. काही लोकांना ती जन्मतःच लागत नाही, तेव्हा नुसत्या त्यावरून घाबरू नका, पण बाकीच्या खुणा सोबत असतील तर डॉपलर करून घ्या. एखादा पाय अचानक पांढरा पडून गार झाला आणि असह्य दुखायला लागला तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

पाणी भरायला जाताना ऊब खरी कुठून येते तर कोरड्या पायातून. गमबूट, आत लोकरीचे मोजे, आणि पिशवीत एक जास्तीचा कोरडा जोड, ओले झाले की बदलायचे. कान झाकलेले, जाताना पोटभर खाल्लेलं, थर्मासात चहा. बधिर झालेले पाय शेकोटीला अगदी जवळ धरू नका, चटका बसलेला कळत नाही आणि ती जखम भरायला फार वेळ लागते.

सोडण्याबद्दल, रात्रपाळीच्या पाण्याच्या ऐन आठवड्यात तारीख ठरवू नका, हे माझं मत. दोन पाण्यांच्या मधला काळ निवडा. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात, तल्लफ, चिडचिड, झोप नाही, पुढे तीन-चार आठवड्यांत बरंच उतरतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली विडी लागत असेल तर निकोटिनचं च्युइंगम ४ मिलिग्रॅमचं लागतं, नाहीतर २ चं. ते साधं च्युइंगम चघळतात तसं चघळायचं नाही, थोडं चावून तिखट लागलं की गालात ठेवून द्यायचं, चव गेली की परत. सलग चघळलं की रस पोटात जातो, उचकी लागते, जळजळ होते आणि माणूस "हे मला सोसत नाही" म्हणून फेकून देतो. हृदयाचा त्रास असेल किंवा पायाच्या खुणा सापडल्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नका. फोनवरून मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे.

आणि त्यांच्याशी बोलताना पोटाच्या मुद्द्यापासून सुरू करा. "तुमचं बरोबर आहे, विडीने आतडं हलतं" असं आधी म्हणा, मग इसबगोल समोर ठेवा, पायाची गोष्ट त्यानंतर काढा. पाय तपासल्यावर काय दिसलं, शुगर आहे का आणि खोकला किती दिवसांचा ते इथे खाली लिहा, म्हणजे स्पायरोमेट्री आधी की डॉपलर आधी ते मला सांगता येईल.